गालाच्या एकाच स्लाइडवर दोन्ही पेशी

प्रश्न: एफवायबीएस्सीला आहे. प्रोकॅरिऑटिक आणि युकॅरिऑटिक पेशींतला फरक सोपा तक्ता देऊन कुणी समजावेल का? पाठ केलं तरी परीक्षेत सरमिसळ होते.

उत्तर:

प्रॅक्टिकलला गालाच्या आतल्या पेशींची स्लाइड करायला लावतात, ती मिथिलीन ब्लू घालून ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली नीट बघा. चपटी, वेड्यावाकड्या कडांची, साधारण ५०-६० मायक्रोमीटर रुंद पेशी तुमची, म्हणजे युकॅरिऑटिक. मधला गडद ठिपका हे तिचं केंद्रक. तिच्यावर चिकटलेले बारीक निळे कण अनेकांना रंगाचा गाळ वाटतात, पण त्यातले बरेचसे तोंडातले जीवाणू असतात: प्रोकॅरिऑटिक, जेमतेम एक मायक्रोमीटरचे.

डीएनए दोन्हींत असतो. जीवाणूत त्याच्याभोवती पटल नसतं, एवढंच. पण या 'एवढंच'मुळे सगळं कामकाज बदलतं. ई. कोलायमध्ये डीएनएवरून एमआरएनए अजून तयार होत असतानाच त्याच्या पुढच्या टोकाला रायबोसोम चिकटतात आणि प्रथिन बनायला लागतं. आपल्याकडे एमआरएनए केंद्रकात तयार होतो, त्यातले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापले जातात, मग तो केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर येतो आणि तेव्हा कुठे रायबोसोमला भेटतो. वेळ जास्त लागतो, पण मध्ये नियंत्रणाला भरपूर जागा मिळते.

| मुद्दा | प्रोकॅरिऑटिक | युकॅरिऑटिक |
|---|---|---|
| केंद्रकपटल | नाही | आहे |
| डीएनए | बहुधा एक, वर्तुळाकार | केंद्रकात अनेक, रेषीय |
| रायबोसोम | ७०एस | ८०एस (पेशीद्रवात) |
| मायटोकॉन्ड्रिया | नाही | बहुतेकांत आहे |
| विभाजन | द्विभाजन | समसूत्री, अर्धसूत्री |
| उदाहरण | ई. कोलाय | यीस्ट, कांदा, माणूस |

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती प्रोकॅरिऑटिक का? नाही. अस्थिमज्जेत घडताना तिला केंद्रक होतं, पक्व होताना ते बाहेर टाकलं जातं.

रायबोसोमची ओळ मात्र घोकू नका, समजून घ्या. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमच्या लहान, ३०एस भागाला चिकटतं आणि प्रथिनं चुकीची बनू लागतात. आपले ८०एस रायबोसोम वेगळ्या घडणीचे, त्यामुळे ते बरेचसे वाचतात. मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे रायबोसोम मात्र जीवाणूंच्या वळणाचे असतात, कारण मायटोकॉन्ड्रियाचा पूर्वजच जीवाणू होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या औषधांनी काही रुग्णांची श्रवणशक्ती कमी होते, त्यामागे हे साम्य हे एक कारण मानलं जातं.