गोल टाकीची भिंत किती जाड, आणि रिंगचं स्टील कुठे जास्त?

प्रश्न: जमिनीवरची गोल काँक्रीट टाकी, आतला व्यास १० मीटर, पाणी ४ मीटर. पाण्याचा दाब तळाशी सर्वात जास्त, म्हणून रिंगच्या सळया तळाशी दाट देऊन वर विरळ करत गेलो तर बरोबर ना? आणि भिंत १५० पुरेल की सरळ ३०० धरू?

उत्तर: भिंत २०० मिमी ठेवा. स्टीलचा तर्क मात्र अर्धाच बरोबर आहे.

दाब तळाशी जास्त असतो हे खरं. पण रिंगमध्ये ताण येतो तो भिंत बाहेर फुगते म्हणून, आणि तळाशी राफ्ट, म्हणजे टाकीखालचा काँक्रीटचा स्लॅब, तिला फुगू देत नाही. तिथलं पाणी भिंत रिंग म्हणून पेलत नाही, राफ्टातून वर आलेल्या उभ्या कँटिलिव्हरसारखी पेलते. त्यामुळे सर्वात जास्त रिंग टेन्शन तळाच्या थोडं वर येतं.

तळ मोकळा सरकणारा असेल, तर तळाशी दाब गुणिले त्रिज्या म्हणजे ९.८१ × ४ × ५ = १९६ किलोन्यूटन प्रति मीटर उंची. हा आकडा प्रत्यक्षात येतो तो भिंतीखाली रबर पॅडचा सरकता जोड दिला तरच.

भिंत राफ्टात घट्ट धरलेली असेल तर आधी H²/(D·t) काढा, H पाण्याची उंची, D आतला व्यास, t भिंतीची जाडी, सगळं मीटरमध्ये: १६ / (१० × ०.२) = ८. गोल टाक्यांच्या नेहमीच्या तक्त्यात ८ साठी सर्वात मोठा गुणक ०.५७५ आहे, वरून ०.६ उंचीवर. म्हणजे १९६ च्या ०.५७५ पट, ११३ किलोन्यूटन, तळापासून १.६ मीटर वर. तळाशी मात्र भिंतीला वाकवणारा सुमारे ९.२ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट येतो आणि त्याचा ताण भिंतीच्या आतल्या, पाण्याकडच्या अंगाला असतो. तिथल्या उभ्या सळया आतून हव्यात. साइटवर हे हमखास उलटं होतं, कारण पाणी बाहेर ढकलतं म्हणून ताणही बाहेरच असणार असं वाटतं.

आता खरी गोम. राफ्ट मातीवर बसतो आणि माती दबली की तो कडेला थोडा वळतो, त्यामुळे पूर्ण घट्ट तळ कागदावरच राहतो. दुसरं टोक म्हणजे बिजागरीसारखा तळ. त्यात कमाल गुणक साधारण ०.७० निघतो, म्हणजे १३७ किलोन्यूटन, तळापासून १.२ मीटरवर. मी मोमेंट घट्ट तळाचा घेतो आणि रिंग टेन्शन बिजागरीचं. थोडं स्टील जास्त जातं, पण झोप लागते.

१३७ किलोन्यूटन सगळे स्टीलवरच धरा. पाण्याच्या टाकीत भेगा बारीक राहाव्यात म्हणून मी सळईचा ताण १३० न्यूटन प्रति चौ. मिमीच धरतो. लागतात सुमारे १०५४ चौ. मिमी प्रति मीटर. दोन्ही अंगांना १२ मिमीच्या रिंगा २०० अंतरावर दिल्या की ११३१ मिळतात. तळापासून साधारण २ मीटरपर्यंत हेच अंतर ठेवा. वर विरळ करा, पण किमान स्टीलच्या खाली जाऊ नका.

जाडी स्टीलसाठी नाही, काँक्रीट न तडकण्यासाठी असते. १३७ किलोन्यूटन २०० मिमीवर पसरले की काँक्रीटात जेमतेम ०.६९ न्यूटन प्रति चौ. मिमीचा ताण येतो. एम२५ ला १.३ पर्यंत चालतो, म्हणजे हिशेबाने १०० मिमीच्या आसपासही भागेल. मग १५० का नको? एका अंगाचं कव्हर ४५, रिंग १२, उभी सळई १०, मिळून ६७. दोन्ही अंगांचे १३४. मध्ये उरले १६ मिमी. त्यात ४० मिमीची व्हायब्रेटरची सुई घालून दाखवा! २०० ला ६६ मिमी मिळतात.

जाड केलं की सुरक्षित, असंही नाही. रिंग मोकळी असती तर तिच्यातला १९६ चा ताण जाडीने तसूभरही बदलत नाही. उलट ४०० मिमी केली तर H²/(D·t) ८ वरून ४ वर येतो आणि तळाचा मोमेंट ९.२ चा १६.८ होतो. शिवाय जाड काँक्रीट जास्त तापतं, निवताना आकसतं, आणि राफ्ट त्याला आकसू देत नाही.

यावरून भेगाही ओळखता येतात. टाकी भरण्याआधीच, राफ्टाच्या जरा वरून निघालेली उभी भेग बहुधा आकसण्याची असते. भरल्यावर खालच्या अर्ध्या भागात उघडलेली उभी भेग दिसली तर रिंगांवर संशय घ्या. तळाशी आतून आडवी भेग मोमेंटची.

मी पाहिलेल्या एका टाकीत स्टील नकाशाइतकंच होतं, तरी एकाच उभ्या रेषेत ओल आणि चुन्याचे पांढरे ओघळ. फोडून पाहिलं तर सगळ्या रिंगांचे लॅप, म्हणजे सळयांची टोकं एकमेकांलगत चढवून केलेले जोड, त्याच रेषेत आले होते. बांधणाऱ्याने सोयीसाठी प्रत्येक रिंग एकाच जागी सुरू केली होती. एका उभ्या रेषेत तीनपैकी एकाहून जास्त रिंगांचे लॅप येऊ देऊ नका, आणि हे शटरिंग लागण्याआधी मोजून घ्या.