दुरुस्तीनंतरसुद्धा : लाल रेघ आली, तरी वाक्य बरोबर आहे

प्रश्न : "सर, तिमाही अहवालात मी असं लिहिलंय: 'दुरुस्तीनंतरसुद्धा तुर्भे येथील दोन गोदामांमधील गळती थांबलेली नाही.' वर्डमध्ये पहिल्या शब्दाखाली लाल रेघ येते. 'दुरुस्ती नंतर सुद्धा' असं तोडलं की ती जाते. महापे ऑफिसातले एक जण म्हणाले, 'दोन गोदामं आहेत, मग थांबलेल्या नाहीत असं हवं.' आज संध्याकाळी अहवाल पाठवायचाय. काय ठेवू?"

ताई, वाक्य आहे तसंच ठेवा. शब्द तोडू नका आणि क्रियापदालाही हात लावू नका.

आधी लाल रेघेचं बघू. ती वाक्याबद्दल काहीच सांगत नाही. हा शब्द आपल्या यादीत सापडला नाही, एवढाच तिचा अर्थ. मराठीत एका नामाला नंतर, पर्यंत, पैकी, साठी, मुळे असं काहीही जोडता येतं आणि त्यापुढे पुन्हा सुद्धा, देखील, च, ही लागतात. ही सगळी रूपं कुठल्याही यादीत मावणं कठीण आहे. खात्री करायची असेल तर शब्दातून फक्त 'सुद्धा' काढून बघा. 'दुरुस्तीनंतर' खालची रेघ गेली, तर अडचण जोडणीची किंवा 'सुद्धा'च्या अक्षरांची होती. तरीही राहिली, तर मूळ शब्द अक्षर-अक्षर तपासा.

त्या तपासणीत दोन जागा महत्त्वाच्या. 'दुरुस्ती'मधला 'रु' ऱ्हस्व हवा, कारण त्याच्यापुढे 'स्ती' हे जोडाक्षर आहे. पुष्कळ जण 'दुरूस्ती' लिहितात, आणि तिथे रेघ आली तर ती योग्यच असते. दुसरी जागा 'सुद्धा'. यात आधी अर्धा द आणि मग ध. घाईत 'सुध्दा' टाइप होतं, आणि छापलेल्या कागदावर हा फरक चटकन दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या वाक्यात दोन्ही अक्षरं बरोबर आहेत.

आता तोडण्याबद्दल. 'नंतर' इथे शब्दयोगी अव्यय म्हणून आलंय. ते नामाला चिकटूनच येतं, जसं जेवणानंतर, पावसाळ्यानंतर. 'सुद्धा'ही शब्दयोगीच, आणि तेही आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायचं: तोसुद्धा, आजसुद्धा. हिंदीत असे शब्द सुटे लिहितात आणि ती सवय आपल्या लिखाणात नकळत येते. म्हणून 'दुरुस्ती नंतर सुद्धा' लिहिलं की रेघ जाते आणि चूक मात्र येते. तिन्ही तुकडे यादीत वेगवेगळे सापडतात, म्हणून संगणक गप्प बसतो.

तुमच्याच वाक्यात 'गोदामांमधील' जोडलेलं आहे आणि 'तुर्भे येथील' सुटं आहे. दोन्ही बरोबर. 'मधील' लागताना 'गोदाम'चं सामान्यरूप झालं, 'गोदामां'. 'येथील' हा मात्र स्वतंत्र शब्द आहे, त्याच्या आधी 'तुर्भे' जसंच्या तसं राहतं. जोडूनच लिहायचं असतं तर 'तुर्भ्यातील' झालं असतं.

सहकाऱ्यांच्या शंकेचं उत्तर असं, की थांबलेली नाही ती गळती. गोदामं थांबायची नाहीत. 'गळती' स्त्रीलिंगी, एकवचनी, म्हणून 'थांबलेली नाही'. 'दोन गोदामांमधील' हे फक्त ती कुठली गळती ते सांगतं. 'दोन खोल्यांमधील वीज गेली' म्हणतो, 'गेल्या' म्हणत नाही, तसंच हे. लक्षात घ्या, 'गळती थांबलेल्या नाहीत' असं लिहिलं असतं तर लाल रेघ आलीच नसती, कारण त्यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर बरोबर आहे. क्रियापद कर्त्याशी जुळतं की नाही, हे आपल्यालाच वाचून ठरवावं लागतं.

मला तपासण्यासारखं वाटलं ते 'दोन'. तुर्भ्यात तुमची गोदामं दोनच असतील तर 'दोन्ही गोदामांमधील' लिहा. जास्त असतील आणि त्यांतली दोन गळत असतील, तर 'दोन' योग्य. अहवाल वाचणारा बाकीच्या गोदामांत माल सुरक्षित आहे की नाही, ते याच शब्दावरून ठरवेल. व्याकरणापेक्षा ही गोष्ट इथे मोठी आहे.

रेघ नकोच असेल तर शब्दावर राइट-क्लिक करून तो डिक्शनरीत जोडा. तो फक्त तुमच्या संगणकावर जोडला जाईल, साहेबांनी वर्डची फाइल उघडली तर त्यांना रेघ दिसू शकते. पीडीएफ करून पाठवली तर दिसणार नाही. आणि परिच्छेदातल्या जवळपास प्रत्येक शब्दाखाली रेघ आली, तर मजकुराची भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली असेल. सगळा मजकूर निवडून ती मराठी करा, मग उरलेल्या रेघा बघा.