मंगल कार्यालयाच्या माहितीपत्रकातील तक्ता

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचे मंगल कार्यालय आहे. माहितीपत्रकात क्षमता, सोयी आणि पॅकेजेस एकाच तक्त्यात स्पष्ट कशी मांडावीत?

उत्तर: पॅकेजेस उभ्या रकान्यांत आणि सोयी आडव्या ओळींत ठेवाव्यात, म्हणजे यजमानांना एकेका सोयीवर बोट ठेवून फरक वाचता येतो.

खरी गल्लत क्षमतेत होते. नुसते ‘क्षमता ४५०’ छापण्याऐवजी सभागृहातील खुर्च्या आणि एका पंगतीची पाने अशा दोन स्वतंत्र ओळी द्याव्यात. समजा, खुर्च्या ४५० आणि पाने १५० आहेत; तर सभागृह भरल्यास तीन पंगती उठतील आणि पाने उचलून पुन्हा मांडण्यासह प्रत्येकीला पाऊण तास धरला, तरी जेवणे सव्वादोन तास चालतील. म्हणूनच कार्यालय किती वाजेपर्यंत मिळेल, ही ओळ लगेच खाली हवी. अंगणातील मांडवाची आसने वेगळीच दाखवावीत, कारण मे अखेरीस पाऊस आला की ती हिशेबातून जातात.

सोयींसमोर नुसती बरोबरची खूण पुरत नाही. जनरेटरपुढे ‘भाड्यात समाविष्ट, डिझेल वेगळे’ असे स्पष्ट लिहावे, कारण बिलाच्या वेळी वाद नेमका तिथेच होतो.