चक्रीवादळाचा इशारा आल्यावर घरात काय भरून ठेवावं आणि कुठल्या खोलीत बसावं?

समुद्राकडची खोली सोडा आणि उलट्या बाजूच्या खोलीत जाऊन बसा, असं तुम्हाला दहा जण सांगतील. अजिबात ऐकू नका. आमच्या घरी हेच ऐकलं आणि सासूबाईंच्या दंडात काच घुसली.

अलिबागला आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पूर्वेला रस्त्याकडे तोंड करून हॉल, मधे बोळ आणि त्याला लागून न्हाणीघर, एवढ्यावर स्लॅब आहे. पश्चिमेला वाडीच्या अंगाला स्वयंपाकघर, त्यावर सिमेंटचे पत्रे. २०२० च्या २ जूनला दुपारी अरबी समुद्रातल्या वादळाला निसर्ग नाव मिळालं आणि ३ तारखेला दुपारी ते किनाऱ्यावर चढलंसुद्धा, आमच्या दक्षिणेला दिवेआगरच्या बाजूला. हातात जेमतेम एक दिवस.

माझं म्हणणं होतं, सगळ्यांनी बोळात बसायचं. बोळाला बाहेरची खिडकी नाही, डोक्यावर स्लॅब आहे. थोरले भाऊजी म्हणाले, वादळ समुद्रातून येणार म्हणजे वारा पश्चिमेचा, हॉल सगळ्यात सुरक्षित. वर हॉलची खिडकी वीतभर उघडी ठेवायला लावली, हवा खेळती राहिली की छप्पर उडत नाही म्हणून. ते घरात मोठे, माझं कोण ऐकणार. सासूबाईंची खाट त्याच खिडकीपाशी लावली.

अकराच्या सुमारास मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि वाडीकडे बघितलं, तर पोफळी समुद्राकडे वाकलेल्या. म्हणजे वारा जमिनीवरून येत होता! मी ओरडतच हॉलमध्ये गेले. भाऊजी म्हणाले, भोवरा असतो, दिशा अशीच फिरते. पुढच्या अर्ध्या तासात सरकत्या खिडकीची काच थरथरायला लागली, खालची पट्टी खळखळ वाजायला लागली आणि एका झोताबरोबर अख्खं तावदान आत आलं. घरात शिरलेला वारा बोळातून थेट स्वयंपाकघरात गेला आणि पत्रे आतून उचलले गेले. आधी हुक सुटल्याचे दोन-तीन आवाज, मग वर आभाळच दिसलं. त्यानंतर चार तास आम्ही पाच जण बोळात बसून होतो, हॉलच्या दाराला गादी लावून, तिला पाठीने रेटत.

भाऊजी आजही म्हणतात, ते वादळ उलटं आलं. उलटं नव्हतं. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. केंद्र आपल्या दक्षिणेकडून जाणार असेल तर वारा आधी पूर्वेचा, म्हणजे जमिनीवरून येतो आणि मग उत्तरेकडे सरकतो. केंद्र उत्तरेकडून जाणार असेल तर तो दक्षिणेकडून सुरू होऊन पश्चिमेचा होतो, आणि समुद्राचं पाणी आत ढकलतो ते ह्याच बाजूला. त्याच दिवशी हर्णे-दापोलीकडे वारा समुद्रावरून आला, आमच्याकडे जमिनीवरून. वादळ एकच. घरबसल्या ओळखायचं तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असतं. हवामान खात्याच्या mausam.imd.gov.in वर वादळ कुठे धडकणार ते दिलेलं असतं, पण तो मार्ग शेवटच्या काही तासांतही सरकू शकतो. म्हणून दिशेवर खोली ठरवायचीच नाही. घराच्या पोटातली, बाहेरची खिडकी नसलेली, स्लॅबखालची जागा ठरवायची आणि सगळी खिडक्या-दारं बंद ठेवायची. पलीकडची खिडकी उघडी ठेवा हा सल्ला मी छापील पत्रकातही वाचलाय. वारा फिरला की तीच खिडकी वाऱ्याच्या तोंडावर येते, मग काय करणार? काचेला चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यानेही काच फुटायची थांबत नाही. बाहेरून जाड प्लायवूड ठोका, नाहीतर निदान पडदे ओढून त्या खोलीचं दार बंद करा.

सामानाचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे वीज नवव्या दिवशी आली. श्रीवर्धन, म्हसळ्याकडे कित्येक गावांना त्याहून खूप जास्त दिवस लागले. मेणबत्त्या सगळेच आणतात, अडतं पाण्यावाचून, कारण पंप बंद. गच्चीवरची हजार लिटरची टाकी इशारा आल्याबरोबर काठोकाठ भरून घ्या. भरलेली टाकी टनभर वजनाची असते, जागची हलत नाही. शेजाऱ्यांची रिकामी टाकी आम्हाला तिसऱ्या वाडीत सापडली. पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवा, माणशी रोज चार लिटर धरून निदान आठवड्याचं, म्हणजे पाच माणसांना दीडशे लिटरच्या आसपास. दुसरं, दळण आधी आणा. गिरणी विजेवर चालते हे आम्हाला चौथ्या दिवशी डब्यातलं पीठ संपल्यावर सुचलं, घरात पायलीभर गहू असून भात खात बसलो. तिसरं म्हणजे ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. वादळानंतर गावात ताडपत्री औषधालाही मिळत नाही आणि पाठोपाठ पावसाळा असतो. रोख पैसेही काढून ठेवा, नेटवर्क गेलं की कार्ड आणि फोन दोन्ही निकामी. सेलवर चालणारा रेडिओ आमच्याकडे होता म्हणून बातम्या तरी कळल्या. बाकी औषधं, कागदपत्रं तुम्हाला माहीत असेलच.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. आदल्या संध्याकाळीच बोळातलं कपाट हलवलं, सतरंजी टाकली, पाण्याची कळशी आणि बॅटरी आत नेली, सासूबाईंना जेवायलाच तिथे बसवलं. ते वादळ आपल्या किनाऱ्यावर न चढता समुद्रातून उत्तरेला गुजरातकडे गेलं, त्यामुळे आमच्याकडे वारा दक्षिणेचा आणि नंतर नैर्ऋत्येचा. भाऊजी म्हणाले, बघ, आज हॉलमध्ये बसलो असतो तरी चाललं असतं. चाललं असतं, खरंच. पण वर्षभरापूर्वी नव्हतं चाललं, आणि बोळ दोन्ही वेळा चालला. एवढंच मी त्यांना बोलले.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं पक्क्या स्लॅबच्या आणि जरा उंचावरच्या घरासाठी आहे. खाडीकाठी, सखल भागात किंवा पूर्ण कौलारू, पत्र्याच्या घरात राहत असाल तर कुठलीच खोली धरू नका, नगरपालिकेची माणसं निघा म्हणाली की निघा, शाळेत जा, म्हाताऱ्यांना आधी न्या. आणि केंद्र नेमकं तुमच्यावरूनच गेलं तर मधे वारा एकदम पडतो. तेव्हा पत्रे बघायला बाहेर जाऊ नका, थोड्याच वेळात तो विरुद्ध बाजूने तितक्याच जोराने येतो. फ्लॅटमध्ये असाल तर मात्र लिफ्ट वापरू नका, आणि बाल्कनीतल्या कुंड्या आदल्या दिवशीच आत घ्या.