एनपीयूवाला लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न: नवीन लॅपटॉपमध्ये एनपीयू असतो म्हणतात. रोजच्या कामात तो नक्की कुठे वापरला जातो?

एनपीयू म्हणजे एआयची कामं करण्यासाठी प्रोसेसरमध्ये असलेला खास भाग. तो वापरला जातो मुख्यतः व्हिडिओ कॉलमध्ये. आणि तिथेही एक मेख आहे. मीटिंगच्या अ‍ॅपमधला पार्श्वभूमी धूसर करणारा पर्याय बहुतेक वेळा सीपीयू किंवा जीपीयूवरच चालतो. एनपीयूला काम द्यायचं तर विंडोज ११ मधला पर्याय वापरावा लागतो. Win+A दाबा, Studio effects उघडा, तिथून ब्लर चालू करा आणि अ‍ॅपमधला बंद करा. दोन्ही चालू राहिले तर एकच काम दोनदा होतं.

खात्री करायची तर कॉल सुरू असताना Ctrl+Shift+Esc दाबा आणि Performance मध्ये NPU चा आलेख बघा. ब्लर चालू करताच रेघ वर चढते, बंद केला की खाली बसते. फायदा वेगाचा नाही, बॅटरीचा: तेच काम एनपीयू कमी विजेत करतो. तासभराच्या कॉलमध्ये पंखाही शांत राहतो. मात्र बाहेरून जोडलेल्या वेबकॅमला ही सोय आपोआप मिळत नाही.

लाइव्ह कॅप्शनचं भाषांतर, स्क्रीनवर आधी पाहिलेलं शोधून देणारं रिकॉल यांसारख्या सोयींना मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस दर्जाचा, म्हणजे किमान ४० टॉप्सचा, सेकंदाला ४० लाख कोटी गणिती क्रिया करणारा एनपीयू लागतो.

ब्राउझरमधले चॅटबॉट कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, तिथे तुमचा एनपीयू स्वस्थ बसलेला असतो. एक्सेल, यूट्यूब आणि ब्राउझिंग एवढंच काम असेल, तर मी एनपीयूचे जादा पैसे १६ जीबी रॅमवर घालेन.