मॅटर्निटी कुर्ती: नेहमीचाच साइज की मोठा?

प्रश्न: चौथा महिना लागलाय. कुर्ती नेहमीच्या एम साइजचीच घेऊ की पोट वाढणार म्हणून एक्सएल?

उत्तर: एमच घ्यावी. मॅटर्निटी कपडे बहुधा गरोदरपणापूर्वीच्या मापावरच बेतलेले असतात आणि पोटापाशी चुण्या घालून जागा आधीच सोडलेली असते. साधी एक्सएल कुर्ती घेतली, तर पोट मावते खरे, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि गळा सारखा सरकत राहतो. अपवाद छातीचा. ती पहिल्या तिमाहीतच वाढू लागते, म्हणून आजचे माप घेऊन ते तक्त्याशी ताडून पाहावे आणि एमच्या पुढे गेले असेल तरच एल घ्यावी. लांबी मात्र थोडी जास्तच असावी, कारण तिसऱ्या तिमाहीत पोटामुळे कुर्तीची पुढची कड वर उचलली जाते.