धडधड पुराची की माणसाची?

“मॅडम, लग्नाला नऊ वर्षं झाली, नवऱ्याबद्दल काही तक्रार नाही. तरी ऑफिसमधला एक जण समोर आला की छातीत धडधडतं. म्हणजे आमच्या संसारात काही उरलंच नाही का?”

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बायका विचारतात, पुरुषही विचारतात, साखरपुडा झालेली मुलं तर रडवेली होऊन विचारतात. वैशालीची गोष्ट त्या सगळ्यांसाठी सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

वैशाली गावभागातल्या एका पतसंस्थेत काम करते, नवऱ्याचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा त्यांच्या शाखेतले निम्मे दस्त भिजले होते. म्हणून २०२१ च्या जुलैत पातळी ४० फुटांकडे सरकू लागली, तसं सगळ्यांनी ठरवलं की आज रात्रीच कागद वर न्यायचे. अर्ध्या रात्रीपर्यंत वैशाली आणि वसुलीचं काम बघणारा एक सहकारी खतावण्यांचे गठ्ठे जिन्यावरून वर चढवत होते. लाइट गेलेली. पायरीवर तिचा पाय घसरला, त्यानं दंड धरून सावरलं आणि म्हणाला, “तुम्ही बसा. दमलाय तुम्ही.”

ती म्हणाली, “त्या क्षणी जे झालं ना मॅडम, ते ह्यांच्याबरोबर कधीच झालं नाही.”

मी तिला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९७४ साली कॅनडात डटन आणि एरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी खोल दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर आणि एका भक्कम, बुटक्या पुलावर पुरुषांना गाठलं. दोन्हीकडे एक तरुणी प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. झुलत्या पुलावरच्या कितीतरी जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. भीतीनं वाढलेले ठोके त्यांच्या मनानं त्या तरुणीच्या खात्यावर जमा केले, असा अर्थ संशोधकांनी लावला.

वैशाली हिशोबातली बाई, जमा चुकीच्या खात्यावर पडणं तिला लगेच कळलं. “म्हणजे ती धडधड पुराची होती?”

“बरीचशी. सगळी नाही.” मी खरं तेच सांगितलं. पूर ओसरला तरी ओढ टिकली होती, त्यामुळे नुसत्या प्रयोगाचा दाखला देऊन तिला घरी पाठवणं बरोबर नव्हतं.

मधल्या काळात तिनं गणपतीसमोर शपथ घेतली होती, त्याचा विचार मनात आणायचा नाही. झालं उलटंच. विचार आलाय का, हे तपासायला मन दर तासाला तिथंच जायचं. म्हणून पहिल्यांदा मी ती शपथ सोडायला लावली. “विचार आला तर येऊ दे. तुम्ही काय करता, ते बघू.”

काय करत होती? पुराच्या दिवसांत “पाणी किती फूट?” असे मेसेज सुरू झाले होते. पाणी उतरलं, मेसेज राहिले. रात्री दहानंतर यायचे, आणि झोपायच्या आधी ती ते पुसून टाकायची. माझे कान इथं टवकारले. एखादा माणूस आवडणं ही डोळ्यांची आणि मनाची साधी हालचाल आहे, लग्न झालं म्हणून ती बंद पडत नाही. पण पुसलेला मेसेज ही हातानं केलेली गोष्ट आहे. तिथून घरात एक बंद खोली तयार होते आणि त्या खोलीतलं सगळं आपोआप जास्त मोलाचं वाटू लागतं. त्यातला निम्मा थरार चोरीचा असतो.

तिला म्हटलं, “पुढच्या वेळेपर्यंत एकही मेसेज पुसू नका. येताना फोन घेऊन या.”

ती आली. मी म्हटलं, “त्याचे मेसेज वाचू नका. फक्त तुमचे वाचा, मोठ्यानं.”

सुरुवातीला ती लाजली. मग वाचू लागली. “आज ऑडिटिंगचा धडा काढला, डोक्यावरून गेला.” “या वर्षी फॉर्म भरूच का?” “नापास झाले तर सगळे हसतील.” सहाव्या-सातव्या मेसेजपाशी ती थांबली. हातातला फोन तसाच राहिला, डोळे भरून आले.

सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा द्यायचं तिच्या मनात चार वर्षांपासून होतं. पास झाली तर संस्थांच्या ऑडिटची वाट मोकळी होणार होती.

“घरी माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही.”

“का?”

“ह्यांनी कधी विचारलंच नाही.”

“आणि तुम्ही?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, मला तो हवाय असं नाही. त्याच्याशी बोलताना मी जशी असते ना, तशी मी घरी नसतेच.”

वीस वर्षांच्या कामात अशी वाक्यं मी मोजकीच ऐकली आहेत, आणि ते तिचं तिला सापडलं याचा मला आजही आनंद आहे. ओढीनं तिच्या नवऱ्याबद्दल फारसं काही सांगितलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या एका कोपऱ्याला घरात श्रोता नाही, एवढं मात्र सांगितलं होतं. आणि श्रोता नव्हता, कारण तिनं कुणाला बोलावलंच नव्हतं.

प्रत्येक ओढीमागे असं काही दडलेलं असतं, असं मात्र समजू नका. कितीतरी वेळा कुणीतरी नुसतं आवडतं, चार-सहा आठवडे छान वाटतं, आणि खतपाणी घातलं नाही तर ते विरतं. त्याचा अर्थ शोधत बसणं हेच खतपाणी होतं. दुसऱ्या टोकाला, घरात मारहाण असेल, सतत पाणउतारा होत असेल, तर नातं खरंच बिघडलेलं आहे. पण ते नात्याकडे सरळ पाहूनच कळतं, तिसरा माणूस आवडतो की नाही यावरून ठरत नाही. मी विचारते, चांगली बातमी आधी कुणाला सांगावीशी वाटते? आजारी पडल्यावर कोण जवळ हवं असतं? या उत्तरांत घर येत नसेल, तर बोलायला बसायची वेळ झाली आहे.

“ह्यांना सगळं सांगून टाकू का?” हेही तिनं विचारलं. माझं मत असं की नुसतं आपलं मन हलकं करायला नवऱ्याच्या डोक्यावर ओझं टाकू नये. आधी बंद खोली उघडावी. रात्रीचे मेसेज थांबवायचे, कामाचं बोलणं कामाच्या वेळेत करायचं, आणि सहकाऱ्याला कसलंही जाहीर निवेदन द्यायचं नाही. “आपण जरा अंतर ठेवू या” म्हटलं की दोघांत एक नवं गुपित जन्माला येतं. विचारलंच त्यानं, तर “रात्री अभ्यास करते” एवढं पुरे. आणि परीक्षेचं घरी सांगायचं.

तिनं सांगितलं. नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, “फी किती?” ती चिडून माझ्याकडे आली. “बघा, तो म्हणाला असता, किती छान!”

“त्याला फी भरायची नाहीये,” मी म्हटलं.

ती हसली, खूप दिवसांनी. पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही त्या “फी किती?” वरच घालवल्या. नवऱ्याला काळजी अशीच दाखवता येते आणि तिला ती काळजी वाटतच नाही, यावर. एकदा त्यालाही बोलावलं. तो म्हणाला, “मला वाटायचं, ही घरी आल्यावर गप्प असते म्हणजे दमलेली असते. मग मी पण टीव्ही लावायचो.”

सहकारी अजून त्याच शाखेत आहे. अधूनमधून तो समोर आला की तिला अजून कळतं, असं ती सांगते, पण मेसेज पुसायची वेळ पुन्हा आली नाही. मे महिन्यात परीक्षा झाली, तीन दिवस, सहा पेपर. त्या तीन दिवसांत नवऱ्यानं वर्कशॉप बंद ठेवलं आणि लेकीला सांभाळलं. शेवटच्या दिवशी ती केंद्राबाहेर आल्याबरोबर त्यानं विचारलं, “ऑडिटिंगचा कसा गेला?”